समुद्र उकळतो का?

"ताई, मग समुद्र उकळतो का?"

हा प्रश्न मला एका चौथीतल्या मुलीने विचारला त्याला आता दीड वर्ष होईल. कोकणातली जिल्हा परिषदेची शाळा, खिडकीतून खाडी दिसते, वर्गात ओल्या फडक्याचा आणि खडूचा मिक्स वास. मी तिथे आमची वाचनकार्डं घेऊन गेले होते. काम असं की सातवी-आठवीच्या लेव्हलचा इंग्रजीतून मराठीत आलेला विज्ञानाचा उतारा घ्यायचा आणि तो चौथीच्या पोराला एकट्याने वाचता येईल इतका सोपा करायचा, पण विज्ञानाचे मुख्य शब्द सोडायचे नाहीत. त्या दिवशीचं कार्ड पाण्यावरचं होतं आणि मी स्वतःवर जाम खूश होते, कारण पोरं ते धडाधड वाचत होती, एकही अडखळत नव्हतं. आणि मग हिने मान वर करून विचारलं. चेष्टा नव्हती ती. ती रोज समुद्र बघते, तो उकळताना तिने कधी बघितला नाही, आणि माझ्या कार्डाप्रमाणे तो उकळायला हवा होता. वर्ग हसला, मी पण हसले, "नाही गं" म्हणून पुढचं कार्ड काढलं. परतीच्या एसटीत मात्र ते हसू घशात अडकल्यासारखं झालं.

आधी माझ्याकडे आलेला उतारा कसा होता ते सांगते, म्हणजे मी काय दिवे लावले ते कळेल.

"बाष्पीभवन ही अशी प्रक्रिया आहे, ज्याद्वारे द्रवाच्या पृष्ठभागावरील रेणू पुरेशी ऊर्जा प्राप्त करून वायुरूप अवस्थेत रूपांतरित होतात, आणि जी, उत्कलनाच्या विपरीत, कोणत्याही तापमानाला घडू शकते. बाष्पीभवनाचा दर हा तापमान, पृष्ठफळ, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग यांसारख्या घटकांवर अवलंबून असतो."

यात चूक काहीच नाही. पण मराठी आहे का? शब्द मराठी आहेत, हाडं इंग्रजीची आहेत. 'ही अशी प्रक्रिया आहे ज्याद्वारे' असं आपल्याकडे कोण बोलतं, आणि 'उत्कलनाच्या विपरीत' तर मोठ्या माणसालासुद्धा दोनदा वाचावं लागतं. आपण म्हणू, 'उकळण्याचं तसं नाही'. पहिलं वाक्य 25 शब्दांचं, त्यात 'जी' कुणासाठी आहे हे शोधायला मागे वाक्याच्या सुरुवातीला जावं लागतं. चौथीतलं मूल असं मागे जात नाही, ते पुढेच रेटत राहतं आणि पूर्णविराम आला की सुटलो म्हणून श्वास घेतं.

मग मी काय केलं, तर आमच्याकडे तेव्हा एक अलिखित नियम होता, छोटी वाक्यं करा आणि जोडाक्षरं टाळा, तो मी इमानेइतबारे पाळला. जोडाक्षरांचा मुद्दा खोटा नाही हं. इंग्रजीत सोपं-अवघड मोजायची जी सूत्रं आहेत ती वाक्यात किती शब्द, शब्दात किती सिलॅबल यावर चालतात. मराठीत त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण आपला 'खिडकीजवळून' हा लांबलचक शब्द दुसरीतलं पोरगं गाडीच्या डब्यांसारखा सरसर वाचत जातं, आणि 'बाष्प' हा एवढासा शब्द त्याला ष्प पाशी उभाच धरतो. बा… ष… प… आणि मग बाईंकडे बघणं. तर मी बाष्प काढला. बाष्पीभवन पण काढला, म्हटलं वाफ आहे की आपल्याकडे, घरातला शब्द, जोडाक्षर नाही, सगळ्यांना माहीत. कार्ड असं झालं:

"उन्हामुळे पाणी तापते. पाण्याची वाफ होते. वाफ वर जाते. वर थंडी असते. वाफेचे ढग होतात."

प्रत्येक वाक्य तीन शब्दांचं! मी ते भिंतीवर लावायच्या बेतात होते. कार्डाच्या मागे प्रश्न होता, 'पाण्याची काय होते?' आणि सगळ्या वर्गाने एका सुरात 'वाफ' म्हटलं. म्हणजे आमच्या हिशोबाने कार्ड पास. आता वाटतं, त्या प्रश्नाला उत्तर द्यायला काही समजायची गरजच नव्हती, दुसऱ्या वाक्यातला मधला शब्द उचलायचा फक्त. त्या मुलीने प्रश्न विचारला नसता तर ते कार्ड तसंच छापून गेलं असतं, आणि वर 'मुलांना खूप आवडलं' असा रिपोर्टही गेला असता.

वाफ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चहाचं आधण, कुकरची शिट्टी, इडलीपात्राचं झाकण उघडल्यावर चष्म्यावर येणारं धुकं. म्हणजे विस्तव, उकळी, आणि पांढरं काहीतरी दिसणं. गंमत अशी की ते पांढरं दिसतं ते खरं म्हणजे बाष्प नसतंच. कुकरच्या शिट्टीच्या अगदी तोंडाशी नीट बघा (लांबून बघा, हात घालू नका), तिथे काहीच दिसत नाही, रिकामी जागा वाटते, आणि थोडं वर गेल्यावर पांढरा फवारा सुरू होतो. त्या रिकाम्या जागेत खरं बाष्प आहे, वायू, न दिसणारं. वर येऊन ते थंड हवेत गार होतं, त्याचे बारीक बारीक थेंब होतात, आणि थेंब आपल्याला पांढरे दिसतात. ढगही तसेच, ते थेंब असतात किंवा फार वर असतील तर बर्फाचे कण. म्हणजे माझ्या पाच वाक्यांच्या कार्डात 'वाफ' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी आला होता, समुद्रावरून न दिसता वर जाणारं बाष्प आणि चहावर दिसणारे थेंब. पोरांनी त्यांना माहीत असलेली वाफ घेतली. त्यांची काय चूक. चहावाली वाफ हवी तर समुद्राखाली गॅस पेटवायलाच हवा.

सोपा शब्द घेताना आपण धरून चालतो की तो अवघड शब्दाचाच धाकटा भाऊ आहे. इथे तो भलत्याच घरचा निघाला.

मग मी वेड्यासारखे घरातले बाकीचे शब्द तपासत बसले. आटणे. बासुंदीला दूध आटवतात, पण ते विस्तवावर, परत तोच घोटाळा. विहीर आटते, पण ती मुख्यतः उपशाने आणि जमिनीतलं पाणी खाली गेल्याने आटते, उन्हाने वरून जातं ते त्या मानाने थोडंच. म्हणजे आटणे सांगतं की पाणी कमी झालं, कुठे गेलं ते नाही सांगत. वाळणे, सुकणे. हे तर अजून मजेशीर, कारण वाळतो तो टॉवेल, पाणी वाळत नाही! 'टॉवेल वाळला' म्हटलं की वाक्यातून पाणीच गायब होतं आणि आपल्याला तर नेमकी पाण्याचीच गोष्ट सांगायचीय. उडणे हा खरं सगळ्यात जवळचा. अत्तर उडून गेलं, बाटली उघडी राहिली नि स्पिरिट उडालं, असं आपण म्हणतो, आणि कुणी अत्तर उकळलेलं नसतं. पण पाणी उडालं म्हटलं की थेंब उडाले, अंगावर पाणी उडालं, असंच आधी डोक्यात येतं. एकूण काय, मराठी माणूस हजारो वर्षं कपडे वाळवतोय पण त्या पाण्याचं पुढे काय होतं याला घरात शब्द नाही. म्हणून तो शास्त्राकडून घ्यावा लागतो, आणि म्हणूनच तो काढून टाकता येत नाही.

माझ्या लहानपणी हा शब्द मला छान पाठ होता. द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन म्हणतात, हे मी आजही झोपेत म्हणेन. दोन मार्कांचा प्रश्न. पण त्याच घरात श्रावणात आई गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे हाताने चाचपून म्हणायची, "आज काही हे सुकायचे नाहीत, हवाच ओली आहे", आणि मग माझा युनिफॉर्म पंख्याखाली खुर्चीवर पसरायची. कुबट वास यायचा त्याला, सकाळी कॉलर गार लागायची. हवा ओली आहे म्हणजे आर्द्रता जास्त आहे, पंखा लावला म्हणजे वाऱ्याचा वेग वाढवला, पसरला म्हणजे पृष्ठफळ वाढवलं. उताऱ्यातले चारपैकी तीन घटक आई रोज वापरत होती आणि मी आत बसून त्यांची व्याख्या घोकत होते, आणि दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे हे मला कॉलेजात जाईपर्यंत कुणी सांगितलं नाही. मला सुचलं पण नाही याचं जास्त वाईट वाटतं. तर नुसता शब्द ठेवूनही भागत नाही हे मला माहीत होतं. माझ्याकडे शब्द होता आणि टॉवेल नव्हता, त्या मुलीकडे टॉवेल होता आणि मी तिला शब्द दिला नाही.

दुसऱ्या खेपेला मी उलटं केलं. आधी कागदावर फक्त एवढंच लिहिलं की कुठले शब्द राहणार. उताऱ्यात मोजून नऊ-दहा शास्त्राचे शब्द होते, बाष्पीभवन, द्रव, पृष्ठभाग, रेणू, ऊर्जा, उत्कलन, तापमान, पृष्ठफळ, आर्द्रता. सगळे ठेवले तर कार्ड नाही, कोश होतो. मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. याच्याऐवजी घरातला शब्द वापरला तर खोटं बोललं जातं का? आणि पुढच्या इयत्तांत हा शब्द याच नावाने परत भेटणार आहे का? 'भरभर' म्हटल्याने 'दर' या शब्दाचं काही बिघडत नाही, म्हणून दर गेला. 'उकळणे' म्हणजेच उत्कलन, तिथे घरचा शब्द खरं बोलतो, म्हणून उत्कलन गेला. वाफ खोटं बोलते, म्हणून बाष्प राहिला. बाष्पीभवन राहिला कारण तो एकटा नाहीये, त्याच्यामागे घनीभवन आहे, द्रवीभवन आहे, आधी जे नव्हतं ते होणं म्हणजे 'ईभवन'. पोराला एकदा बाष्प कळलं की बाष्पीभवन त्यातूनच निघतो, आणि पुढे द्रवीभवन आला की अर्धी ओळख आधीच झालेली असते. एवढा फायदा असताना आपण मात्र आपले शब्द अवघड म्हणून ओरडत असतो. (ढगांच्या कार्डाला मात्र मी रडकुंडीला आले, कारण बाष्पाचे थेंब होण्याच्या एकाच क्रियेला विज्ञानात संघनन आणि भूगोलात सांद्रीभवन असं मी दोन्ही वाचलंय. ते कार्ड अजून अर्धवट आहे.)

रेणू आणि ऊर्जा यावरून भांडण झालं. आमची कार्डं एक रिटायर्ड फिजिक्सचे सर तपासतात, ते फोनवर म्हणाले, "अहो, ऊर्जा काढलीत तर मग राहिलं काय? कारणच गेलं." मी म्हटलं सर, चौथीतल्या मुलाला ऊर्जा म्हणजे टीव्हीवरच्या बिस्किटाच्या जाहिरातीतली ताकद. ते म्हणाले मग रेणू तरी ठेवा. मी म्हटलं रेणू सांगायचा तर अजून एक कार्ड लागेल. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "ठीक आहे, सांगू नका, पण नंतर खोडावं लागेल असं काही लिहू नका." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. अपुरं चालेल, पण पुढच्या सरांना आधी पुसावं लागेल असं नको. माझं जुनं कार्ड तसंच होतं, 'उन्हामुळे पाणी तापते' म्हणजे ऊन नसेल तर काही होणारच नाही.

टॉवेल घ्यायचा की अजून काही यात दोन दिवस गेले. टॉवेलला वेळ लागतो, तास संपून जातो. आणि मग त्या वर्गातला वास आठवला, ओलं फडकं. पाटी! ती शाळा अजून पाट्या वापरते. पाटी ओल्या फडक्याने पुसली की काळीकुळकुळीत होते, आणि मग कडेकडेने राखाडी होत येते, डोळ्यांसमोर, मिनिटा-दोन मिनिटांत. आम्ही लहानपणी ती जोरजोरात हलवायचो, कधी बाकाच्या कोपऱ्यावर आपटून फुटायची आणि घरी मार. विस्तव नाही, ऊन नाही, वाफ दिसत नाही. सगळं जे सांगायचंय ते तिथे आहे. कार्ड असं झालं:

"पाटी ओल्या फडक्याने पूस. पाटी काळी, चकचकीत दिसते. आता थोडा वेळ थांब. पाटी कोरडी होते. पाणी कुठे गेले?

पाणी हवेत मिसळले, पण आपल्याला ते दिसले नाही. हवेत मिसळलेल्या या न दिसणाऱ्या पाण्याला बाष्प म्हणतात. पाण्याचे बाष्प होणे म्हणजे बाष्पीभवन.

पाटी कोणी उकळली नव्हती, तरी बाष्पीभवन झाले. बाष्पीभवन सावलीतही होते आणि रात्रीही होते. उन्हात बाष्पीभवन भरभर होते, कारण ऊन पाण्याला तापवते. पाटी हलवली तरी बाष्पीभवन भरभर होते, कारण पाटीजवळची ओलसर हवा दूर जाते आणि कोरडी हवा तिथे येते.

पावसाळ्यात पाटी लवकर वाळत नाही, कारण हवेत आधीच खूप बाष्प असते."

मोजून बघितलं, मूळ उतारा 38 शब्दांचा होता आणि हे सोपं केलेलं 88 शब्दांचं. सोपं म्हणजे छोटं असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझी मीटिंगमध्ये जुंपली ती यावरूनच. सगळ्यात लांब वाक्य 17 शब्दांचं आहे, हलवलेल्या पाटीचं, आणि मला ते तोडायला सांगितलं होतं. तोडून बघितलं. 'पाटी हलव. ओलसर हवा दूर जाते. कोरडी हवा येते. बाष्पीभवन भरभर होते.' वाचायला सोपं, पण यातलं काय कशामुळे झालं? तो 'कारण' गेला की चार सुटे मणी राहतात आणि दोरा पोराने आणायचा, जे खरं तर जास्त कठीण काम आहे. माझ्या जुन्या कार्डात एकही 'कारण' नव्हता, एकही 'म्हणून' नव्हता, पाच वाक्यं नुसती एकामागे एक उभी होती. 'कारण' हा शब्द पोरं बोलताना दिवसभर वापरतात, मी नाही आलो कारण पोट दुखत होतं. तो अवघड नाहीये. तर मी पुढची वाक्यं लांब ठेवली आणि सुरुवातीची आखूड, म्हणजे पोरगं धावत आत येतं आणि मग हळू होतं.

एक अजून. बाष्पीभवन हा शब्द या कार्डात पाच वेळा आलाय आणि लेखक म्हणून मला ते टोचतं, शाळेत निबंधाला 'पुनरुक्ती' म्हणून लाल रेघ मारायचे. पहिल्या खर्ड्यात मी एकदा 'वायुरूप होते' आणि दोनदा नुसतं 'ते' लिहिलं होतं. एका मुलाने 'ते भरभर होते' वाचलं नि विचारलं, पाणी भरभर होतं म्हणजे? आमच्यासाठी समानार्थी शब्द म्हणजे नटणं, त्याच्यासाठी प्रत्येक नवा शब्द म्हणजे नवी वस्तू. शिवाय जोडाक्षराचं औषध पण तेच निघालं. पहिल्यांदा ष्प पाशी सगळे थांबले, तिसऱ्यांदा अर्धे, पाचव्यांदा कुणीच नाही. पाच वेळा आला म्हणूनच तो सोपा झाला.

मागचा प्रश्नही बदलला. आता विचारतो, 'रात्री ओली पाटी बाहेर ठेवली तर वाळेल का? का?' आणि 'चहाच्या कपावर पांढरं दिसतं ते बाष्प आहे का?' पहिल्याचं उत्तर थोडं कार्डात आहे, दुसऱ्याचं नाही, ते 'न दिसणाऱ्या' या दोन शब्दांवरून काढावं लागतं. दुसऱ्यावर बरीच पोरं चुकतात. चुकू देत, निदान कुठे चुकली ते मला दिसतं तरी. तिथे कार्ड अजून कमी पडतंय हे मला मान्य आहे, पण चहा घातला की परत विस्तव येतो आणि मला सध्या विस्तवाची भीती बसलीय.

गेल्या एप्रिलमध्ये परत त्या शाळेत गेले. ती मुलगी आता पाचवीत, म्हणजे कार्ड तिच्यासाठी राहिलंच नव्हतं, पण मला तिलाच द्यायचं होतं. तिने वाचलं, ष्प ला एकदा अडकली. मग मी कार्ड पालथं केलं आणि म्हटलं, हे वाचलं नाही अशा कुणाला तरी सांग बघू. तिने दुसरीतल्या भावाला बोलावून आणलं, पाटी पुसली, त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "बघ, आता पाणी जाणार, दिसणार नाही तुला. बाष्प." तो म्हणाला, "कुठंय?" ती म्हणाली, "दिसत नाही म्हणून तर बाष्प." मला वाटलं, झालं, आता निघावं. समुद्राचा विषय मी काढलाच नाही, तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

दप्तर भरता भरता तीच म्हणाली, "म्हणजे समुद्र पाटीसारखाच. पण ताई, मग मीठ का नाही जात वर? पाऊस गोडा असतो."

मी तोंड उघडणार इतक्यात तिचा भाऊ म्हणाला, "मीठ खालीच राहतं, आजाच्या मिठागरात बघितलं नाहीस?" तिचा आजा मिठागरावर कामाला होता, पावसाआधीपर्यंत वाफ्यांतून खाडीचं पाणी उन्हात नि वाऱ्यात सोडून द्यायचं आणि खाली धरलेलं मीठ ओढायचं, आयुष्यभर हेच काम. वाफे! त्या वाफ्यांचा वाफेशी काही संबंध नाही, आणि कुणी काही उकळत पण नाही तिथे. शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होतं ते, आणि मी इतके दिवस पुण्यात बसून पाटी शोधत होते.

"वाफ्यात चिखल पण असतो," ती भावाला म्हणाली, "तो पण खालीच राहतो मग." आणि दोघं त्यावर भांडत बाहेर गेली. पाटी बाकावरच राहिली होती, एका कोपऱ्यात अजून ओली.